मोटर उलटी फिरवली की आर्डुइनो रीसेट होतो

तक्रार अशी असते: मोटर सुलटी नीट फिरते, वेगही कमी-जास्त होतो. उलटी दिशा दिली की मात्र मोटर एकदा उचकी दिल्यासारखी हलते आणि कोड पहिल्यापासून सुरू होतो. लूपमध्ये सुलट-उलट असं आलटून-पालटून असेल तर हा खेळ संपतच नाही. बोर्ड चालू होतो, मोटर सुलटी फिरते, उलटायची वेळ येते, बोर्ड बंद, परत चालू. बघणाऱ्याला वाटतं कोडमध्येच चूक आहे, उलट दिशेच्या ओळी चालतच नाहीत. कोड बहुतेक वेळा बरोबर असतो.

मी स्वतः यात दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, तेही आधी चालत असलेल्या जोडणीवर. १२ व्होल्टची छोटी गिअर मोटर होती, २ अँपिअरचा अडॅप्टर, त्यावरच चालणारा आर्डुइनो युनो आणि एल२९८चं लाल मॉड्यूल, म्हणजे मोटरची दिशा आणि वेग बदलणारा ब्रिज. एल२९८ फार तापतो म्हणून तो काढून बीटीएस७९६०चं दोन चिपचं मॉसफेट मॉड्यूल लावलं. ब्रिज चांगला आला आणि रीसेट सुरू झाले! जुना वाईट ब्रिज आपल्याला वाचवत होता हे कळायला मला बराच वेळ लागला.

आधी खरंच रीसेट होतोय का ते बघा

`setup()` मध्ये पहिल्याच ओळीला सीरियलवर काहीतरी छापा, `START` पुरे. मोटर उलटताना मॉनिटरवर `START` पुन्हा दिसलं तर बोर्ड रीसेट होतोय. नाही दिसलं आणि मोटर नुसती थांबली, तर ब्रिजनेच स्वतःला बंद केलं असेल किंवा पिनांचा घोळ असेल. ती वेगळी गोष्ट.

मग युनोच्या `VIN`ला जाणारी १२ व्होल्टची तार काढा आणि बोर्ड यूएसबीवर चालवा. ग्राउंडची तार मात्र जोडलेलीच ठेवा, नाहीतर ब्रिजला सिग्नल कळणार नाहीत. आता रीसेट थांबले असतील तर प्रश्न १२ व्होल्टच्या लाइनचा आहे, ती कोसळतेय. यूएसबीवरही रीसेट होत असतील तर ग्राउंडची वाट किंवा ब्रशचा आवाज, म्हणजे विद्युत गोंगाट, याकडे जावं लागेल. त्याबद्दल शेवटी थोडं लिहिलंय. माझ्याकडे यूएसबीवर रीसेट एकदाही झाला नाही. अडॅप्टरवरचा हिरवा दिवा मात्र दर उलटीला क्षणभर विझायचा, आणि तो मी दोन दिवस पाहूनही पाहिला नव्हता.

तिसरी चाचणी सर्वांत बोलकी. कोडमध्ये सुलटं आणि उलटं यांच्या मध्ये एक सेकंद दोन्ही पीडब्ल्यूएम शून्य करा. रीसेट गेले तर उलटी दिशा निर्दोष आहे. दोष आहे फिरत्या मोटरला उलटवण्यात.

फिरती मोटर उलटवली की काय होतं

मोटरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजावा लागेल. मल्टीमीटर थेट लावला तर ब्रश कुठे टेकलाय त्यानुसार आकडा बदलत राहतो. त्यापेक्षा शाफ्ट हाताने घट्ट धरा, दीड व्होल्टचा सेल दोन सेकंद लावा, आणि त्याच वेळी मोटरच्या टोकांवरचा व्होल्टेज आणि करंट दोन्ही वाचा. गिअर मोटरचा बाहेरचा शाफ्ट इतक्या व्होल्टेजला सहज धरला जातो. मला १.२ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर मिळाले, म्हणजे २.४ ओहम.

आता हिशेब करू. उभ्या मोटरला १२ व्होल्ट दिले तर पहिल्या क्षणी करंट १२ ÷ २.४, म्हणजे ५ अँपिअर. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच जनित्रासारखा व्होल्टेज तयार करते, तोच बॅक ईएमएफ. तो पुरवठ्याच्या विरुद्ध असतो, म्हणून करंट उतरत जातो. माझी मोटर रिकामी फिरताना ०.२ अँपिअर घेते. ०.२ गुणिले २.४ म्हणजे साधारण अर्धा व्होल्ट वाइंडिंगमध्ये जातो आणि उरलेले ११.५ व्होल्ट म्हणजे बॅक ईएमएफ.

अशा फिरत्या मोटरवर ब्रिजने एकदम उलटे १२ व्होल्ट टाकले तर? शाफ्ट काही त्या क्षणी थांबत नाही. बॅक ईएमएफ होता तसाच आहे, पण आता पुरवठ्याच्या विरुद्ध नसून त्याच्या जोडीला आहे:

```
I = (12 + 11.5) / 2.4 = 9.8 A
```

सुरुवातीच्या ५ अँपिअरच्या जवळजवळ दुप्पट. पण नुसतं दुप्पट म्हणून सोडून देऊ नका, कारण खरी गोम पुढे आहे. २ अँपिअरचा अडॅप्टर थोडं जास्त, समजा ३ अँपिअरपर्यंत ओढू देतो आणि मग व्होल्टेज खाली सोडतो. उभी मोटर सुरू करताना हे सोसवतं. लाइन ७ व्होल्टवर आली की मोटरचा करंटही ७ ÷ २.४, म्हणजे ३ च्या आत येतो, तिथे दोघांचं जमतं, मोटर हळूहळू वेग घेते आणि लाइन वर येते. उलटवताना असं जमणारं ठिकाणच नाही. लाइन शून्यावर आली तरी ११.५ व्होल्टचा बॅक ईएमएफ एकटाच ११.५ ÷ २.४, म्हणजे ४.८ अँपिअर ढकलतोय, त्याच दिशेने. अडॅप्टर ३ वरच थांबलेला. मग लाइन सरळ तळाला जाते. म्हणूनच त्याच अडॅप्टरवर सुरुवात होते आणि उलटी मात्र होत नाही. बरेच अडॅप्टर अशा वेळी स्वतःला बंद करून थोड्या वेळाने परत चालू होतात, तेच ते दिव्याचं विझणं.

एल२९८ असताना हे का होत नव्हतं? त्याच्या आत डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर आहेत. १ अँपिअरलाच त्यात साधारण अडीच व्होल्ट जातात आणि २ अँपिअरला हा ड्रॉप ४.९ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. करंट वाढेल तसा तो ब्रिज स्वतःच जास्त व्होल्टेज खातो आणि मोटरला कमी देतो, स्वतः तापून. मॉसफेटच्या ब्रिजला तशी खोड नाही. मोटर जे मागेल ते तो देतो, आणि बीटीएस७९६०ची स्वतःची करंट मर्यादा चाळीसेक अँपिअरच्या घरात आहे, म्हणजे आपल्या छोट्या मोटरसाठी ती नसल्यातच जमा.

लाइन किती पडते ते युनोलाच मोजायला लावा

मल्टीमीटरवर हा खड्डा दिसत नाही, तो फार सावकाश वाचतो. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर युनोला यूएसबीवर ठेवून १२ व्होल्टची लाइन `A0`वर वाचायची. ब्रिजच्या पॉवर टोकांपासून १०० किलो-ओहम `A0`ला, आणि `A0`पासून ६.८ किलो-ओहम ग्राउंडला. त्या ६.८ वर १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकला की ब्रशचे बारीक काटे वाचनात येत नाहीत. `setup()` मध्ये `analogReference(INTERNAL);` लिहा, पहिली दोन-चार वाचनं फेकून द्या, आणि मग `delay()` च्या जागी हे वापरा:

```cpp
int lo = 1023, hi = 0;

void watchLine(unsigned long ms) {
  unsigned long t0 = millis();
  while (millis() - t0 < ms) {
    int a = analogRead(A0);
    if (a < lo) lo = a;
    if (a > hi) hi = a;
  }
}
```

एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो, आपल्या कामाला तेवढं पुरतं. वाचनाला १७.२८ ने गुणून १०२४ ने भागलं की व्होल्ट मिळतात. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ चिपगणिक थोडा वेगळा असतो, म्हणून एकदा मल्टीमीटरशी ताडून गुणक नीट करून घ्या. `hi` कशाला ठेवलाय ते पुढे येईल.

माझे आकडे: उभ्या मोटरला एकदम पूर्ण ड्युटी दिली, म्हणजे पीडब्ल्यूएम सतत चालू ठेवला, तेव्हा लाइन ७.६ पर्यंत आली आणि सावरली. पूर्ण वेगातून थेट उलटवली तेव्हा ३ च्याही खाली. युनोवरच्या रेग्युलेटरला ५ व्होल्ट काढायला आत सुमारे ७ लागतात, त्यामुळे ३ व्होल्टवर बोर्ड जिवंत राहण्याची आशाच नको.

कपॅसिटर मोठा केला तर?

सगळे हेच सांगतात, मीही हेच आधी केलं. १००० मायक्रोफॅरड लावा, २२०० लावा. अडॅप्टर ३ देतोय आणि मोटर ९.८ मागतेय, म्हणजे जवळपास ७ अँपिअर कपॅसिटरमधून जाणार. १००० मायक्रोफॅरडमधून ७ अँपिअर काढले तर दर मिलिसेकंदाला ७ व्होल्ट उतरतात. मोटर थांबायला पन्नास-शंभर मिलिसेकंद लागतात. दहापट मोठा कपॅसिटर लावला तरी हिशेब बसत नाही. फक्त एवढं होतं की रीसेट दरवेळी न होता अधूनमधून होतो, आणि अधूनमधून येणारा दोष शोधणं जास्त छळतं. ब्रिजच्या टोकांवर १००० मायक्रोफॅरड असावाच, पण पीडब्ल्यूएमचे ठोके झेलायला. उलटीवर तो इलाज नाही.

मोठा अडॅप्टर हा इलाज आहे, १० अँपिअरचा घेतला तर रीसेट जातील. पण ०.२ अँपिअरवर रिकामी फिरणाऱ्या मोटरसाठी १० अँपिअरचा अडॅप्टर, आणि दर उलटीला गिअरच्या दातांवर उभ्या मोटरच्या दुप्पट जोराचा झटका. मला तो पटत नाही.

इलाज: आधी ब्रेक, मग चढ

दोन्ही पीडब्ल्यूएम शून्य आणि `R_EN`, `L_EN` दोन्ही चालू असताना या मॉड्यूलमध्ये ब्रिजचे खालचे दोन्ही मॉसफेट चालू राहतात. म्हणजे मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना शॉर्ट. बॅक ईएमएफ त्यातून ४.८ अँपिअर फिरवतो आणि मोटर झपकन थांबते. पण हा करंट मोटर आणि खालचे दोन मॉसफेट यांच्यातच गोल फिरतो, अडॅप्टरमधून एक मिलिअँपिअरही येत नाही! मोटरची ऊर्जा तिच्याच वाइंडिंगमध्ये उष्णता होऊन जाते. थांबायला लागणारा जोर मोटर स्वतःच देत असेल तर तो अडॅप्टरकडून मागायचा कशाला?

मोटर थांबली की उलटी दिशा शून्यापासून चढवत न्यायची. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, मोटरचा करंट आणि अडॅप्टरचा करंट एक नाही. ड्युटी ३० टक्के असताना उभ्या मोटरमध्ये १.५ अँपिअर फिरतात, पण अडॅप्टरकडून त्याचा ३० टक्केच भाग येतो, सरासरी ०.४५ अँपिअर. उरलेल्या वेळात करंट ब्रिजच्या खालच्या बाजूने फिरत राहतो. उभ्या मोटरसाठी अडॅप्टरचा करंट ५ गुणिले ड्युटीचा वर्ग एवढाच होतो. मोटर अडलेली असली तरी साधारण ६३ टक्के ड्युटीपर्यंत २ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो, आणि तिथवर जाईपर्यंत मोटरने वेग घेतलेला असतो.

हे गणित तेव्हाच चालतं जेव्हा मोटरमधला करंट ठोक्यांच्या मध्ये तुटत नाही. `analogWrite()` ची ९ आणि १० नंबरच्या पिनवरची वारंवारता ४९० हर्ट्झ आहे, म्हणजे एक ठोका २ मिलिसेकंदांचा. छोट्या मोटरचं इंडक्टन्स त्या मानाने कमी असतं, करंट प्रत्येक ठोक्यात पूर्ण वर जातो, पूर्ण खाली येतो, आणि मोटर गुणगुणते ते वेगळंच. म्हणून टायमर १ वर २० किलोहर्ट्झ:

```cpp
int now = 0;

void pwmBegin() {
  pinMode(9, OUTPUT);     // RPWM
  pinMode(10, OUTPUT);    // LPWM
  OCR1A = 0;
  OCR1B = 0;
  TCCR1A = _BV(COM1A1) | _BV(COM1B1) | _BV(WGM11);
  TCCR1B = _BV(WGM13) | _BV(CS10);
  ICR1 = 400;             // 16 MHz / (2 * 400) = 20 kHz
}

void drive(int s) {       // -400 .. 400
  OCR1A = s > 0 ? s : 0;
  OCR1B = s < 0 ? -s : 0;
}

void goTo(int target) {
  if ((long)target * now < 0) {
    drive(0);             // brake
    watchLine(250);
    now = 0;
  }
  while (now != target) {
    now += (target > now) ? 1 : -1;
    drive(now);
    watchLine(1);
  }
}
```

`(long)` काढू नका. युनोवर `int` १६ बिटचा असतो, ४०० गुणिले ४०० त्यात मावत नाही, आणि मग दिशा बदलल्याचं कधी कळतं, कधी नाही. यावर माझा एक तास गेला.

२५० मिलिसेकंद हा माझ्या मोटरचा आकडा. तुमची मोटर ब्रेक लावल्यावर किती वेळात थांबते ते शाफ्टला कागदाची पट्टी चिकटवून बघा आणि थोडं वर ठेवा. शून्य ते पूर्ण चढायला इथे ४०० मिलिसेकंद लागतात. हे बदल केल्यावर तीच मोटर, तोच अडॅप्टर, लाइन ११.४ च्या खाली गेली नाही. रीसेट गेले.

उलट बाजूचा खड्डा: लाइन वर उसळणं

एवढ्यावर मी खूश होतो, तोवर `hi` कडे लक्ष गेलं. शाफ्टवर थोडी जड चकती लावली होती आणि वेग पूर्णवरून २५ टक्क्यांवर पटकन आणत होतो, चढ-उताराचा वेळ कमी करून. दिशा तीच, उलटवणं नाहीच. `hi` १५.८ व्होल्ट!

झालं असं की ड्युटी २५ टक्के म्हणजे मोटरला सरासरी ३ व्होल्ट, आणि चकतीमुळे मोटर अजून जोरात फिरतेय, बॅक ईएमएफ १० च्या वर. करंट उलटा वाहू लागतो. वाइंडिंगचं इंडक्टन्स आणि ब्रिजचे मॉसफेट मिळून अगदी बूस्ट कन्व्हर्टरसारखं काम करतात आणि चकतीची ऊर्जा १२ व्होल्टच्या लाइनवर परत ढकलतात. अडॅप्टर ऊर्जा परत घेऊ शकत नाही, ती कपॅसिटरमध्ये साठते. १००० मायक्रोफॅरड १२ वरून १६ व्होल्टवर जायला फक्त ०.०५६ ज्यूल पुरतात, छोट्याशा चकतीतही त्याहून जास्त असते. बॅटरीवर हे होत नाही, बॅटरी ती ऊर्जा पिऊन टाकते. म्हणून बॅटरीवर नीट चाललेली जोडणी अडॅप्टरवर आणली की कपॅसिटर फुगल्याच्या तक्रारी येतात.

तेव्हा तो कपॅसिटर १६ व्होल्टचा लावू नका, २५ किंवा ३५ चा लावा. जड वस्तू फिरवत असाल तर वेग कमी करण्याचा उतार चढापेक्षा सावकाश ठेवा. पूर्ण थांबायचं असेल तर उतार न देता सरळ `drive(0); watchLine(250); now = 0;` करा, कारण पूर्ण ब्रेकमध्ये लाइनवर काहीच परत येत नाही. ऊर्जा परत येते ती मधल्या ड्युटीला. वेग कमी करून `hi` १३ च्या आत राहतो का बघत मी उताराचा वेळ ठरवला, तो दीड सेकंद निघाला.

खूप जड चाक असेल तर पूर्ण ब्रेकचा झटका गिअरला सोसणार नाही. तिथे `R_EN` आणि `L_EN` दोन्ही खाली करून मोटर मोकळी सोडा, आपोआप थांबू द्या, आणि मग उलटा चढ द्या.

यूएसबीवरही रीसेट होत असेल तर

ग्राउंडची तार बघा. मोटरचा परतीचा करंट ब्रेडबोर्डच्या बारीक तारेतून युनोच्या ग्राउंडवरून अडॅप्टरकडे जात असेल, तर ५ अँपिअरला तारेतल्या ०.१ ओहमवरही अर्धा व्होल्ट उभा राहतो, आणि युनोचं शून्य खरं शून्य राहत नाही. अडॅप्टरच्या ऋण टोकापासून ब्रिजला एक जाड तार, आणि ब्रिजच्या त्याच टोकापासून युनोला वेगळी बारीक तार. मोटरचा करंट युनोतून जायलाच नको.

तरीही राहिलं तर मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, तोही ब्रिजजवळ नाही, मोटरच्या अंगावरच डाखलेला, आणि मोटरच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या. जुन्या, झिजलेल्या ब्रशच्या मोटरला याची गरज जास्त पडते.

एक छोटं काम सगळ्यांनीच करावं. `RPWM` आणि `LPWM` यांपासून ग्राउंडला १० किलो-ओहमचे रेझिस्टर लावा. बोर्ड रीसेटमध्ये असताना युनोच्या पिना कुठेच जोडल्यासारख्या नसतात, आणि तेवढ्या वेळात ब्रिजने स्वतःच्या मनाने मोटर फिरवायला नको.